लॉगिनच्या फॉर्ममधला निळा पट्टा

रिसोडला मी वेबसाइट बनवते. हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या एका कंपनीसाठी लॉगिनचं पान केलं होतं: हळदीच्या पानासारखा गडद हिरवा रंग, त्यावर पिवळी अक्षरं. सभासदांनीच निवडलेले रंग. पान सुरू झालं आणि चौथ्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला.

"ताई, हे काय करून ठेवलं? हिरव्या लुगड्याले निळं ठिगळ! आमचा जावई पुण्याहून तयार पांढरं पान देऊन राह्यला. तेच लावून टाकतो."

मी कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथे एकच संगणक, त्यात पासवर्ड साठवलेला. पान उघडलं की नाव-पासवर्ड आपोआप भरले जात, आणि भरलेल्या खान्यांना ब्राउझर स्वतःचा फिका निळा रंग देई. मी कधी पासवर्ड साठवत नाही, म्हणून मला तो दिसलाच नव्हता. चूक माझी. पान मात्र मी सोडणार नव्हते.

अध्यक्ष, काउंटरवरच्या वहिनी आणि दोन सभासद मागे उभे राहिले.

"ते आपोआप भरणंच बंद करा," अध्यक्ष म्हणाले.

"नाही. बरेच ब्राउझर लॉगिनच्या खान्यात 'भरू नको' ही सूचना मानतच नाहीत. आणि बंद झालंच तर रोज पासवर्ड टाइप कोण करणार, तुम्ही?"

"मी कायले करू? मले पाठ बी नाही," वहिनी म्हणाल्या.

ब्राउझरने भरलेली अक्षरंही काळी केली होती, म्हणून मी आधी त्यांचा रंग बदलला. साधा रंग ब्राउझर तिथे घेत नाही, अक्षरांत रंग भरणारा कोडमधला वेगळा गुणधर्म लागतो. तो लावला, तर निळ्यावर पिवळी अक्षरं. काही वाचता येईना.

"आता तं आंधळंच केलं," अध्यक्ष हसले. "जावयाले फोन लावू काय?"

"दोन मिनिटं थांबा."

पार्श्वभूमीचा रंग सरळ बदलून उपयोग नसतो, ब्राउझरचा नियम माझ्या नियमावर मात करतो. तो हटत नसेल तर त्याला झाकायचं. खान्याला आतल्या बाजूने सावली दिली, हजार पिक्सेल पसरलेली, तोच गडद हिरवा रंग. सावली पार्श्वभूमीच्या वर आणि अक्षरांच्या खाली बसते. टाइप करताना लुकलुकणारी रेघही पिवळी केली. पान पुन्हा उघडलं. नाव-पासवर्ड भरलेले, पण निळा रंग कुठे नाही.

वहिनींनी लॉगिन करून पाहिलं, लॉगआउट केलं, पुन्हा पान उघडलं.

"राहू द्या हेच पान," त्या अध्यक्षांना म्हणाल्या. "मले पांढरं नाही पाह्यजे."

अध्यक्षांनी डोकं खाजवलं. "पण जावयाले मी हो म्हणून बसलो. त्याले आता काय सांगू?"

"तुम्ही नका सांगू," मी म्हटलं. "नंबर द्या, मी सांगते."

त्यांनी नंबर दिला. मी तिथूनच लावला.