नम्रताची खंडित सेवा

नम्रता बडेकर आमच्या पतसंस्थेत बारा वर्षं कामाला होती आणि कागदावर ती एकदाही सलग सात महिने नव्हती. हे कसं जमवलं ते मला नीट माहीत आहे, कारण जमवणाऱ्यांत मी होतो. मी त्या शाखेचा व्यवस्थापक.

आमच्या कर्जत-खालापूरकडे ऊस नाही, त्यामुळे साखर कारखाना नाही. दूध संस्था आहेत, त्यांतल्या निम्म्या कुलपातच. उरल्या पतसंस्था. ज्याला मुंबईला रोज जायचं नाही आणि शेतीही करायची नाही, त्याच्यासाठी पतसंस्थेतली खुर्ची म्हणजे स्वर्ग. आणि स्वर्गाच्या दाराशी संचालक मंडळ बसलेलं असतं.

मी कसा लागलो तेही सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील. माझे वडील गावात वजनदार, आणि आमच्या गावात सभासद साडेतीनशे. निवडणुकीत ती सगळी मतं एका पॅनेलला गेली आणि पुढच्याच महिन्यात मी कॅशियर झालो. परीक्षा नाही, मुलाखत नाही. अध्यक्षांनी विचारलं, "बी.कॉम. हाय ना रं?" मी हो म्हणालो. झाली भरती.

नम्रताचे वडील भिवपुरीजवळ भात लावणारे, मतं घरातली चार. ती चोवीस वर्षांची असताना 'तात्पुरती लिपिक' म्हणून सहा महिन्यांच्या आदेशावर आली. सहा महिने संपले की आठ दिवसांचा ब्रेक, मग नवा आदेश. असे तेवीस ब्रेक झाले. पण ब्रेकमध्ये ती घरी बसायची नाही. बसली तर संध्याकाळी दिवसाचा हिशेब जुळवणार कोण? ती रोजच्यासारखी सव्वानऊला यायची, फक्त हजेरीपटावर सही करायची नाही. त्या आठ दिवसांचा पगार आमची झाडूवाली सुंदराबाई हिच्या नावानं 'जादा साफसफाई' म्हणून निघायचा, आणि सुंदराबाई तो इमानानं नम्रताच्या हातात द्यायची. त्या सगळ्या व्यवहारात इमान म्हणावं असं तेवढंच.

हजेरीपट लिहायचं काम कुणाकडे? नम्रताकडे. अक्षर तिचंच चांगलं. स्वतःच्या नावापुढे आठ चौकोनांत ती लाल पेनानं 'नेमणूक नाही' लिहायची आणि लगेच ठेवीदाराची पावती फाडायला घ्यायची. पहिल्यांदा तिचा हात अडखळला होता. मीच म्हणालो होतो, "लिही गं, नुसता कागद हाय. मानसं सगळी आपलीच." तिनं विश्वास ठेवला. माणसं कुणाचीच नव्हती, कागद मात्र संचालक मंडळाचा होता, हे तिला नंतर कळलं. मला तेव्हाही माहीत होतं.

गेल्या साली कायम लिपिकाची एक जागा भरायचं ठरलं. जाहिरात अशा पेपरात दिली, जो कर्जत स्टेशनच्या स्टॉलवरही मिळत नाही. वयाची अट पस्तीस. नम्रता छत्तीसची. पण खाली एक ओळ होती: संस्थेत किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या उमेदवारास वयात पाच वर्षांची सवलत. ती ओळ वाचून नम्रता हसली. बारा वर्षांत तिला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. म्हणाली, "भाऊ, ही माझ्यासाठीच घातली वाटतं." सेवानियमांतली जुनी ओळ होती ती, टायपिंगच्या ओघात आलेली. मी जाहिरातीचं कात्रण फायलीला लावलं.

अर्जांची मुदत संपायच्या आधीच अध्यक्षांचा भाचा जितेश शाखेत येऊन बसायला लागला. "जरा सॉफ्टवेअर दाखव गं त्याला," अध्यक्ष नम्रताला म्हणाले, आणि तिनं दाखवलं! खातं कसं उघडायचं, व्याज कसं चढवायचं, दिवस कसा बंद करायचा. ज्या जागेसाठी तिनं अर्ज केला त्याच जागेचं काम ती त्याला शिकवत होती आणि तो मोबाईल बघत हूं हूं करत होता. अशा वशिल्याच्या तट्टाला परीक्षेची काय भीती. मला त्या दिवसांत दुपारचा डबा जात नव्हता, पण म्हणून मी काही केलं असं नाही.

तिला वास आला. अर्धी रजा टाकून ती सहकार खात्याच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात गेली. तिथल्या माणसानं सांगितलं, कर्मचाऱ्याच्या नोकरीचं आमच्याकडे येत नाही, कामगार न्यायालयात जा. तिथून ती वकिलाकडे गेली. वकील म्हणाले, असे ब्रेक कोर्टात टिकत नाहीत, पण त्या दिवसांत तू कामावर होतीस हे दाखव. हजेरीपट कुणाच्या अक्षरात आहे? ती म्हणाली, माझ्या.

मग ती माझ्याकडे आली. छाननीसाठी सेवेचा दाखला लागणार होता आणि त्यावर सही माझी. टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "भाऊ, मी रोज आले, तुमी बगितलंय. तेवढंच लिवा. जास्तीचं काय नको."

खरं होतं. एक वाक्य होतं. मी म्हणालो, बघतो.

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला. ते कधी धमकी देत नाहीत, घरच्यासारखं बोलतात. "तुमचे रिटायर व्हायला चार म्हयने ऱ्हायलेत ना? ग्रॅच्युइटीचा ठराव पुढच्या सभेत घेतूय. आन् दाखला हजेरीपटाप्रमानं द्या, बाकी आपल्याला काय करायचंय." आमच्या वार्षिक सभेत हाच माणूस 'सहकार म्हणजे एक कुटुंब' म्हणून टाळ्या घेतो. मला त्याची शिसारी आली. पण 'बरं' म्हणणारा आवाज माझा होता, त्याची जास्त आली.

दुसऱ्या दिवशी मजकूर मी पेनानं लिहिला. पण कॉम्प्युटरवर मराठी टाइप करणारं शाखेत एकच माणूस होतं. कागद मी तिच्यापुढे सरकवला आणि कपाटातलं काहीतरी शोधायला वळलो. कपाटात शोधायचं काही नव्हतं. मागून कळा वाजत राहिल्या. 'श्रीमती नम्रता बडेकर यांनी संस्थेत खंडित स्वरूपात काम केले असून त्यांची सेवा कोणत्याही कालावधीत एक वर्ष सलग झालेली नाही.' त्या वाक्यावर ती थांबेल, उठेल, कागद माझ्या तोंडावर फेकेल असं मला वाटत होतं. खरं सांगतो, फेकावा असं वाटत होतं, म्हणजे मला बरं वाटलं असतं.

तिनं प्रिंट काढली, तारीख तपासली आणि माझ्यापुढे ठेवली. मी सही केली. शिक्का मारला. तिनं कागद उचलून उजेडात धरला.

"भाऊ, शिक्का पुसट उमटलाय. छाननीत परत पाटवतील. नीट मारा."

मी पॅडवर शिक्का दाबला आणि परत मारला.