काढून टाकलेली ओळ

रोह्याच्या त्या कारखान्यात मी दोन महिने प्रोजेक्टसाठी जात होते. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. घर जिते गावात, कॉलेज पेणला. सकाळच्या गाडीने रोह्याला उतरायचं आणि रिक्षाने एमआयडीसीत. गेटच्या अलीकडेच तो वास सुरू व्हायचा, कुजलेल्या अंड्यासारखा. तिथल्या माणसांना तो आता जाणवतही नव्हता, याचीच मला जास्त किळस यायची.

काम सोपं होतं. कुठला माल किती करायचा, म्हणजे जास्तीत जास्त नफा होईल, याचं गणिती मॉडेल. प्लॅनिंगच्या साहेबांनी मला एक्सेलची शीट दिली होती. रिअ‍ॅक्टरचे तास, वाफ, अशा मर्यादा तिच्यात होत्या. प्रत्येक मर्यादेची एक ओळ करून मी मॉडेलमध्ये घातली आणि रन केलं. उत्तर आलं, ‘अनबाउंडेड’. म्हणजे नफा हवा तेवढा वाढवता येतो, कुठेच अडत नाही. खऱ्या कारखान्यात असं होत नसतं. कसली तरी मर्यादा राहिली होती.

दोन दिवस मी ओळींतली चिन्हं तपासली. सगळी बरोबर. मग प्रत्येक आकड्याला मुद्दाम एक अवाढव्य मर्यादा लावली आणि पुन्हा रन केलं. बाकीचे आकडे जागेवर राहिले, तीनच फुगले: बाहेरून आणलेला कच्चा माल, तो धुऊन विकायचा माल, आणि धुण्याचं सांडपाणी. हा माल नुसता टाक्यांत धुतला जायचा, त्याला ना रिअ‍ॅक्टर लागायचा ना वाफ, म्हणून त्या मर्यादांनी तो अडत नव्हता. आणि एक टन मालामागे तीन टन पाणी निघत होतं. ते जायचं कुठे, हे शीटमध्ये लिहिलंच नव्हतं.

मी मागच्या बाजूला सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर गेले. तिथले ऑपरेटर खांब गावचे, पन्नाशीचे. काळपट फेसाच्या टाकीजवळ उभे राहून चहा पीत होते. मी रुमाल नाकाला लावला.

“काय गो, सोसवत नाय वास?”

“काका, दिवसाला किती पाणी घेतं हे?”

त्यांनी भिंतीवरची पाटी दाखवली. आकडा खडूने नाही, रंगाने लिहिलेला होता. “येवढंच. त्याच्या वर नाय.”

“आणि जास्त आलं तर?”

त्यांनी कप विसळला. “ते साहेबांना इचार.”

मी ती ओळ घातली: सगळ्या मालांचं मिळून पाणी, पाटीवरच्या आकड्याइतकंच. मॉडेल लगेच सुटलं. उत्तर बघून बरं वाटलं, पण दोनच मिनिटं. धुण्याच्या मालाचा जो आकडा आला होता, त्याच्या जवळपास दुप्पट माल कारखाना रोजच धूत होता. रोजचे खरे आकडे मॉडेलमध्ये घातले तर ते म्हणालं, असं शक्यच नाही. उरलेलं पाणी कुठे जातं, हे कुंपणापलीकडचा ओहोळ सांगत होता. आतापर्यंत मी नाक दाबून त्याच्यावरून जात होते.

साहेबांना दाखवलं. त्यांनी शांतपणे वाचलं.

“ही ओळ काढ. त्याऐवजी धुण्याच्या टाक्यांचे तास घाल. मॉडेल तेवढ्यानेही थांबेल.”

“थांबेल सर. पण पाणी—”

“तू विद्यार्थिनी आहेस. पाणी तुझा विषय नाही.”

ते म्हणाले ते गणितात खरं होतं. टाक्यांच्या तासांनीही मॉडेल थांबलं, आणि आणखी माल धुवा म्हणून सांगू लागलं. मी ओळ काढून फाइल त्यांना पाठवून दिली. त्या संध्याकाळी गाडीत बसले तेव्हा ओहोळाची नव्हे, मला माझीच शिसारी आली.

शेवटच्या आठवड्यात मोठ्या साहेबांसमोर सादरीकरण होतं. माझा आलेख पडद्यावर होता, सगळे माना हलवत होते. वाढीव मालावर बोलणं आलं तेव्हा मी म्हणाले, “सर, यात सांडपाण्याच्या क्षमतेची एक ओळ होती. ती काढलेली आहे. ती घातली तर आहे तेवढा मालही बसत नाही.”

मोठे साहेब पडद्याकडेच बघत होते. “ते नंतर बघू. पुढची स्लाइड.”

कुणी पाहिलं नसणार. मला सर्टिफिकेट मिळालं, त्यावर ‘उत्कृष्ट’ असा शेरा होता. तो शेरा वाचून मला त्या फेसाच्या टाकीजवळ आली होती तशीच किळस आली.

पेणला मी कॉलेजातल्या प्रोजेक्टच्या सरांना सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही मॉडेलं शेजारी शेजारी ठेवून बघितली. “अहवालात कंपनीचं नाव छापू नकोस. ओळ ठेव,” एवढंच म्हणाले. मी ठेवली. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, धुण्याच्या मालाचा हा आकडा कशाने अडतो? मी पाण्याचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली, गुण लिहिले आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं.