एकच मजकूर, चार रकाने

लग्नसराईत माझ्या दुकानात पुस्तकाचं काम घेऊन येऊ नये, असं मी पाटीच लावणार होते. महाडच्या एसटी स्टँडापासून जवळ माझं टायपिंग आणि छपाईचं दुकान. मार्च उजाडला की पत्रिका, बारशी, वाढदिवसाचे बॅनर आणि वर्षश्राद्धाची कार्डं. सगळ्यांना सगळं आजच हवं. मान आखडलेली, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी चरचर, आणि वर पंखा नुसता गरम वारा ढवळतोय. अशात एका दुपारी गुरुजी आले, मागून त्यांच्या पत्नी, काकी.

गुरुजी तुडीलच्या बाजूचे, निवृत्त शिक्षक. उभी नोकरी पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवरच्या शाळांत काढलेली. त्या वर्षांच्या आठवणी त्यांनी लिहून काढल्या होत्या आणि मी त्या दोन महिने रात्रंदिवस नाही, पण वेळ मिळेल तशा टाइप केल्या होत्या. आता अक्षर ठरवायचं होतं. वैशाखी पौर्णिमेला त्यांच्या विहारात प्रकाशन, आणि त्या दिवशी पुस्तकातलं एक पान गुरुजी स्वतः वाचून दाखवणार. हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं की मलाच त्याचं दडपण आलं होतं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता त्यांना. कडेचं दिसायचं, नेमकं मधलं पुसट. डॉक्टर म्हणाले होते, आहे ते टिकलं तरी पुष्कळ. त्यामुळे स्वतःचं पुस्तक छापील अक्षरात स्वतः वाचायचं, तेही चार माणसांत, यासाठी त्यांचा जीव अडकलेला.

आमच्याकडे अक्षर निवडायची रीत ठरलेली आहे. गिऱ्हाईक पत्रिकांचा आल्बम उघडतं, पानं उलटतं आणि ‘चि.सौ.कां.’वर बोट ठेवून म्हणतं, असं द्या. दुकानाचं नाव, सत्यनारायणाची पूजा, शोकसंदेश, सगळं त्या एका आल्बमातून ठरतं. गुरुजींनीही तेच केलं होतं. सोनेरी, वळणदार, शेपट्या काढलेलं एक अक्षर त्यांनी मागच्या खेपेला पसंत केलं आणि म्हणाले, “ताई, हे पुस्तकभर घाला.”

मी कपाळाला हात लावला. पत्रिकेवर दोन नावं असतात हो, तिथे काहीही खपतं. मी त्यांच्या डोळ्यांदेखत एक पान त्या अक्षरात लावून दाखवलं. वेलांटीवर अनुस्वार चढला, वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत अडकले, आणि ‘पऱ्या’ या शब्दाच्या जागी भलतंच काहीतरी उमटलं. डोंगरातल्या ओढ्यांना आम्ही पऱ्या म्हणतो, त्यावरच्या लाकडी पुलाला साकव, आणि गुरुजींच्या पुस्तकात दर पानाला एक पऱ्या वाहतो. म्हणजे संपलंच.

मग मी म्हटलं, थांबा, तक्ता करू. हे काम मला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्या दिवसांत मला सवडही नव्हती, पण चुकीच्या अक्षरात अख्खं पुस्तक लावून पुन्हा उसवायचं, त्यापेक्षा हे बरं. कॉम्प्युटरमधला तयार नमुना मी कधी धरत नाही. तिथे एखादं गुळगुळीत वाक्य असतं, त्यात अडचणीचं एक अक्षर सापडेल तर शपथ. मी गुरुजींच्या मजकुरातलं सगळ्यात त्रासदायक पान शोधलं. जोडाक्षरं, अवतरणं, आकडे, पऱ्या, कुऱ्हाड आणि बोलीतलं ‘ऱ्हाते’, सगळं एका ठिकाणी असलेलं. त्यात काय लिहिलंय हे मी बघितलंच नाही. टाइप करताना माझ्या बोटांखालून गेलं असेल, पण ते वाचणं नव्हे.

ए-थ्रीचा आडवा कागद, चार रकाने. प्रत्येक रकाना पुस्तकातल्या ओळीइतकाच रुंद आणि पानाइतकाच उंच. चारही अक्षरांना बारा पॉइंट दिले की ती सारखी दिसतात असं लोकांना वाटतं. काही नाही. एक बारात मोठं दिसतं, दुसरं बारात किरटं. म्हणून शिरोरेषेपासून ‘क’च्या पायापर्यंतची उंची जुळेपर्यंत एकेकाचा आकार कमीजास्त केला, ओळींतलं अंतर सारखं ठेवलं. वर अक्षरांची नावं लिहिली नाहीत, नुसते एक, दोन, तीन, चार. नाव वाचलं की माणूस नावालाच भुलतो. आणि छापताना मशीन आपल्या अकलेने कागदात बसवायला जातं, ती खूण काढून टाकली, नाहीतर सगळी मापं मातीत. पुस्तकाला घ्यायच्या त्याच पिवळसर कागदावर छाप काढली. तिसरं अक्षर पसरट होतं, त्यामुळे त्या रकान्यात शेवटच्या ओळी मावल्याच नाहीत. त्या मी मुद्दाम तशाच तुटू दिल्या. त्या अक्षराने पुस्तक किती फुगेल ते त्यावरून कळतं.

तर त्या दुपारी मी तो कागद काउंटरवर पसरला. “गुरुजी, पहिल्यापासून एकेक रकाना मोठ्याने वाचा. कुठे अडखळता ते मी बघते.”

गुरुजींनी कागद उचलला, जरासा तिरका धरला आणि घसा खाकरला. काय आवाज होता! बाहेर एक रिक्षावाला भांडत होता, तोही ऐकू येईनासा झाला.

“पऱ्याला पाणी चढलं होतं. कुऱ्हाडीने तोडलेला ओंडका साकवाला येऊन अडकला होता… पलीकडे ही डबा घेऊन उभी, घाबरून गेलेली. मी ओरडलो, मागे फिर, आज साकव टिकायचा नाही. ती म्हणाली, तुमी येईस्तवर मी हितंच ऱ्हाते.”

पहिला रकाना, कुठेही अडखळ नाही. दुसरा, तसाच. मला हायसं वाटलं. मनात म्हटलं, डोळे आहेत की चांगले, उगाच घाबरवलं डॉक्टरने. काकी बाकावर बसून पदराने वारा घेत होत्या. तिसरा रकानाही गुरुजींनी तस्साच वाचला, शेवटपर्यंत. “मी हितंच ऱ्हाते.”

माझा हात पेनावरच राहिला. तिसऱ्या रकान्यात ते वाक्य नव्हतंच. ‘डबा घेऊन उभी’ एवढ्यावर तो रकाना संपला होता. पुढचं सगळं कागदाबाहेर गेलं होतं.

सोडून द्यावं असंही वाटलं. पण उद्या विहारात भलतंच पान उघडून हे ‘पऱ्याला पाणी’ म्हणायला लागले तर? शेवटी आवाज खाली आणून म्हटलं, “गुरुजी, तिसऱ्यात इतकं नाहीये.”

त्यांनी कागद खाली ठेवला. बोटांनी त्याची कड चाचपली. चेहरा लहान पोराची चोरी पकडल्यासारखा झाला आणि मला माझाच राग आला.

“पाठ आहे मला,” ते म्हणाले. “सगळंच पाठ आहे. कितीदा लिहिलंय, खोडलंय.” मग काकींकडे न बघता म्हणाले, “दिसत नाय गो.”

“ठावं हाय मला,” काकी म्हणाल्या. “पेपरची नुसती पानं उलटता. मी काय आंधळी हाय?”

गुरुजी एकदम तापले. “मग बंद करा हे! ताई, राहू दे तुमचे रकाने. ज्या पुस्तकातला एक शब्द मला वाचता येत नाही ते छापून काय करू? उशाला घेऊ?” ते उठले, छत्री शोधायला लागले आणि ती हाताशी असून त्यांना सापडेना. ते बघवत नव्हतं. मला त्या क्षणी खरंच इतका थकवा आला की दुकानाचं शटर ओढून घरी जाऊन पडावं.

काकी उठल्या. काउंटरवरचा कागद त्यांनी आपल्याकडे ओढला आणि बोट ठेवून वाचायला लागल्या. पहिल्या रकान्यात त्या दुसऱ्याच शब्दाला अडल्या. दुसऱ्यात ‘कुऱ्हाडी’पाशी थांबल्या, “ह्ये काय आळी काढलीय?” म्हणाल्या. तिसरा सोडून चौथ्यावर आल्या. साधं, मोकळं, जरा ठसठशीत अक्षर होतं ते, काही नखरा नाही. “पऱ्या-ला पाणी चढ-लं होतं. कु-ऱ्हाडीने तोड-लेला…”

“तोडलेला,” गुरुजी म्हणाले. छत्री हातात, तोंड दाराकडे.

“वाचते ना मी. ओंडका सा-क-वाला…”

“साकवाला. एकत्र म्हण.”

काकींनी बोट कागदावरच ठेवलं आणि मान वर केली. “अख्ख्या तालुक्याची पोरं वाचाय शिकवलीत. बायको चौथीपर्यंत शिकलेली घरात हाय, तिचं वाचणं आज पयल्यांदा ऐकताय तुमी.”

गुरुजी मागे वळले, बाकाशी आले आणि छत्री गुडघ्यांवर आडवी घेऊन बसले. “वाच,” म्हणाले. “मी मधे बोलत नाही.”

काकी वाचत राहिल्या. हळू, पण चौथ्या रकान्यात कुठे अडेनात. मी पेनाने त्या रकान्यावर गोल केला. मग काकी थबकल्या.

“‘घाबरून गेलेली’? कोण घाबरलं होतं?”

“तू. रडवेली झाली होतीस.”

“अवो, घाबरले नव्हते मी. संतापले होते! दोन कोस डबा घेऊन आले मी, आनि तुमी पलीकडनं हात हलवून सांगताय, मागं फिर. त्या रागानं उभी ऱ्हायले. घाबरले म्हणे!”

गुरुजी हसले नाहीत. त्यांना खरंच धक्का बसला होता. इतकी वर्षं ते एक चित्र मनात बाळगून होते, आणि त्यातली बाई भलतीच निघाली. मग म्हणाले, “ताई, ते बदला. काय म्हणते ते घाला.”

मी फाइल उघडली. ‘घाबरून गेलेली’ काढून ‘संतापलेली’ टाइप केलं. चौथ्या अक्षरात, आकार दोन पॉइंटांनी वाढवून, ओळी थोड्या मोकळ्या केल्या आणि एक वेगळंच पान छापून काकींना दिलं. ऐकून ऐकून पाठ झालेलं नको, न ऐकलेलं वाचता आलं पाहिजे. त्यांनी तेही वाचलं. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते, ओठ हलत होते, पण एकदाही त्यांनी मधे तोंड घातलं नाही.

“पौर्णिमेला हीच वाचेल,” ते मला म्हणाले.

“वाचीन,” काकी म्हणाल्या. “पन ते साकवाचं पान वाचीन. आता बरोबर झालंय ते.”