शेवळाचं इंग्रजी नाव

शेवळं म्हणजे काय हे मला लग्न होऊन ठाण्याला आल्यावर कळलं. मी साताऱ्याकडची. मे संपत आला की खोपटच्या एसटी स्टँडबाहेर शहापूर-मुरबाडकडच्या बायका जांभळट कोंबांच्या जुड्या घेऊन बसायच्या. पान नाही, काही नाही, नुसता जमिनीतून वर आलेला फुलाचा कोंब. जुडीबरोबर बोराएवढी हिरवी, आंबट काकडंही द्यायच्या. कोंबातला पिवळा भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरायचं आणि काकडं ठेचून त्यांच्या रसात शिजवायचं. रस कमी पडला तर घसा धरतो. पहिल्या वर्षी पहिल्याच घासाला मी ठसकत उठले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "होईल सवय." सवय झाली. नंतर तर मीच वाट बघायला लागले.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सासूबाईंच्या महिला मंडळाने ठरवलं, की आपल्या पाककृतींचं इंग्रजी पुस्तक काढायचं. मुली लंडन, टोरांटोला गेल्या, नातवंडांना मराठी वाचता येत नाही, त्यांना आपलं जेवण कळावं म्हणून. इंग्रजी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी बी.ए. होते आणि सून होते. तक्रार नाही. काम मला आवडलं.

आवडलं, पण पहिल्याच आठवड्यात अडलं. कोथिंबीर, सुरण, बोंबील यांना इंग्रजी नावं आहेत. शेवळाला काय म्हणायचं? काकडाला? खाडीतल्या गाबोळीभरल्या चिवण्यांना? शब्दकोशात 'एक रानभाजी', 'एक प्रकारचा मासा' असं लिहिलेलं. असा कोश लिहायला मलाही जमलं असतं. शेवटी मी शेवळांची जुडी आणि काकडाची फांदी पिशवीत घालून इथल्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या एका मॅडमना भेटले.

त्यांनी कोंब उभा कापला, भिंगातून बघितलं, दोन जाडजूड ग्रंथ उघडले. "अमॉर्फोफॅलस कम्युटाटस," त्या म्हणाल्या. "सुरणाचा भाऊबंद. काकड म्हणजे गरुगा पिनाटा. दोघांनाही तिकडे कुणी ओळखेल असं इंग्रजी नाव नाही."

"मग जवळचं एखादं देऊ का?"

"अजिबात नको. शास्त्रीय नाव द्या आणि खाली दोन ओळी वर्णन. जवळचं म्हणून एरम लिली द्याल, आणि तिकडे ती फुलवाल्याकडे मिळते. पांढरी, कर्ण्यासारखी. कुळ हेच, पण फूल शोभेचं. पोटात गेलं तर तोंड, घसा सुजतो. लहान मुलाचा तर श्वास अडकायचा."

मी तसंच केलं. जिथे नाव नाही तिथे शास्त्रीय नाव तिरक्या अक्षरांत आणि पुढे वर्णन: पावसाआधी उगवणारा पानाविना कोंब, कोकणपट्टीतला, काकडाच्या रसाशिवाय खाऊ नये, हीच वनस्पती मिळाली नाही तर हा पदार्थ करू नये. चिवण्यांपुढे 'मिशा असलेला खाडीतला लहान मासा, काट्यांना जपा' एवढंच लिहिलं. मुद्रितं मी स्वतः तपासली आणि परत दिली. मग वडलांचं ऑपरेशन निघालं आणि मी महिना दीड महिना साताऱ्याला होते.

परत आले तर पुस्तकांचे गठ्ठे पलंगाखाली होते. वाटपही होऊन गेलेलं, परदेशातल्या मुलींच्या प्रतीही रवाना झालेल्या. सासूबाई इतक्या खुशीत होत्या, की मला बॅग खाली ठेवू देईनात. "अगं, लंडनला तुझ्या नणंदेला एकीबरोबर पाठवलं पण. काल तिचा फोन आलेला शेजारी. म्हणते, आई, तुझी शेवळं इथे फुलवाल्याकडे मिळतात, मला माहीतच नव्हतं. आणलीयेत म्हणाली. पोरांना खायला घालणार आहे."

मी पुस्तक उघडलं. शेवळाच्या पानावर वर ठळक अक्षरांत एरम लिली. शास्त्रीय नाव नाही, वर्णन नाही. काकडाच्या जागी 'लिंबू किंवा चिंच, जे मिळेल ते'. तेच पान मी तीनदा वाचलं. शब्द बदलत नव्हते.

शेवटचं वाचन मंडळाने आमच्याच बिल्डिंगमधल्या एका निवृत्त सरांना दिलं होतं. इंग्रजीचे शिक्षक, उभा जन्म मुलांच्या चुका काढण्यात गेलेला. मी पुस्तक घेऊन तशीच खाली उतरले आणि ते पान त्यांच्यापुढे धरलं. सर शांत होते. "अहो, स्वयंपाकाच्या पुस्तकात लॅटिन कोण वाचणार? गृहिणी घाबरतील. कोशात त्या कुळाचं नाव एरम आहे. मी वाचकाला सोपं करून दिलं." आणि वर, "भाषा अडखळता कामा नये."

"सर, ते विषारी फूल आहे."

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, आणि मला त्या क्षणी त्यांची जराही दया आली नाही. मी वर आले आणि सासूबाईंना चप्पल घालायला लावली.

स्टँडसमोरच्या आयएसडी बूथपर्यंत आम्ही अक्षरशः धावलो. वाटेत मी त्यांना सांगितलं. त्या ऐकत होत्या की नाही कळत नव्हतं, नुसत्या "काल आणलीयेत म्हणाली, काल आणलीयेत" असं पुटपुटत होत्या. बूथमध्ये आत एक माणूस दुबईला बोलत होता. मी दार ठोठावून त्याला बाहेर काढलं. फोन लागेना. परत लावला. मीटरचे लाल आकडे बंद होते आणि मला समोर नणंदेची दोन्ही पोरं दिसत होती, धाकटा अजून भरवून घेणारा.

पलीकडे रिंग गेली. नणंदेने उचलला.

"वहिनी? काय गं, सगळं ठीक ना?"

"ती भाजी केलीस का?"

"शेवळांची? नाही अजून."

मला खालीच बसायचं होतं, पण वायर तेवढी लांब नव्हती.

"काल करणार होते," ती सांगत होती, "पण दुकानातल्या बाईने फुलं बांधताना हळूच विचारलं, कोण गेलं? इथे म्हणे मयताला नेतात ती. मग मला सुरी लावायला मन होईना. पाण्यात ठेवलीयेत. आता विचार केला, आईने एवढं लिहिलंय, उगाच मनात काय आणायचं. संध्याकाळी चिरते."

मी तिला काय सांगितलं ते नीट आठवत नाही. ओरडले असणार, कारण बूथवाला काचेतून बघत होता. सासूबाईंनी माझ्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला. "फेकून दे ती. आत्ता. हातमोजे घाल आणि फेक. पोरांना लांब ठेव." मग आवाज फुटला त्यांचा. "मी नाही गं ते लिहिलं."

फोन ठेवून त्या बूथवाल्याच्या स्टुलावर बसल्या. मला वाटलं रडतील. त्यांनी पदराने तोंड पुसलं, पिशवीतून मंडळातल्या बायकांच्या परदेशी मुलींचे पत्ते आणि फोन नंबर लिहिलेली वही काढली आणि माझ्यापुढे धरली.

"टोरांटोला आता किती वाजले असतील?"