दोन चौकटींच्या मधल्या वहिनी

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात त्यांना सगळे वहिनी म्हणत. कारण अगदी साधं होतं. त्यांचा नवरा पूर्वी तिथल्याच औषधांच्या स्टोअरमध्ये होता आणि तो सगळ्यांचा दादा होता. दादा दुसरीकडे गेला, वहिनी राहिल्या, नावही राहिलं. आता दादा कोण हे विचारलं तर निम्म्या लोकांना सांगता आलं नसतं.

रुग्णाची माहिती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी ठरल्या वेळी आपोआप पोचवणं, हे वहिनींचं काम. नोंदणीतून बिलाकडे, औषधांकडून स्टोअरकडे, बाहेरच्या लॅबमधून वॉर्डाकडे. याला तिथे सिंक म्हणत. सिंक चालले तर कुणाच्या लक्षातही येत नसत, अडले की वहिनींचा फोन वाजे.

गावाकडे आई एकटी होती. न्हाणीघरात पडली, खुबा मोडला, शेजारीण येईपर्यंत तशीच पडून राहिली. हॉस्पिटलची एक शाखा आईच्या गावात होती. वहिनींनी बदली मागितली तेव्हा साहेब म्हणाले, "देतो. पण आधी सगळ्या सिंकचं एक चित्र काढा. ऑडिटर येतायत, त्यांना हवंय. आणि तुमच्या जागी येणाऱ्याला ते बघून काम करता आलं पाहिजे. ऑडिट नीट पार पडलं की तुम्ही मोकळ्या."

वहिनींनी चित्र काढायला घेतलं. माहिती ठेवतात त्या जागांच्या चौकटी, मधे बाण, प्रत्येक बाणावर काय जातं, किती वाजता जातं, अडलं तर कुणाला सांगायचं. लॅबच्या बाणावरून साहेबांशी पहिली चकमक झाली.

"हा उलटा काढलाय," साहेब म्हणाले. "फाईल आणायला आपला प्रोग्रॅम लॅबकडे जातो. बाण आपल्याकडून लॅबकडे हवा."

"साहेब, पाणी कुठून कुठे आलं ते दाखवायचंय. हंडा घेऊन कोण गेलं ते नाही."

साहेबांनी चित्र परत केलं. "बरं, हंड्याचं बाजूला लिहा," म्हणाले आणि गेले.

वहिनींच्या जागी येणारे गृहस्थ आधी बँकेत होते, म्हणून ते बँकवाले. पंचेचाळिशीचे, टक्कल पडलेले, प्रत्येक गोष्ट दोनदा विचारणारे. ते चित्र पुढ्यात ठेवून एकेक बाण प्रत्यक्षात तपासत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची वळवली.

"वहिनी, लॅबची फाईल सहाला येते. प्रोग्रॅम ती साडेसहाला उचलतो. बरोबर?"

"बरोबर."

"मग सव्वासहाला तिच्यात बदल कोण करतं? रोज आहे. रविवारीसुद्धा."

वहिनींनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

"मी," त्या म्हणाल्या.

गोष्ट अशी होती. जुन्या रुग्णांचे नंबर सहा आकडी, नव्यांचे शून्याने सुरू होणारे सात आकडी. लॅबमधला कारकून पाठवण्याआधी फाईल एक्सेलमध्ये उघडून बघे, जतन करे, आणि पुढचं शून्य गळून जाई. नवा माणूस जुन्यासारखा दिसू लागे. नंबर आणि नाव जुळलं नाही की प्रोग्रॅम अख्खी फाईल अडवी, आणि डॉक्टर राउंडला येत तेव्हा वॉर्डात एकही रिपोर्ट नसे. एकदा असं झालं तेव्हा वहिनींनी घरून फाईल दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशीही केली. मग ते त्यांचं कामच होऊन बसलं. नुसतं शून्य लावण्यापेक्षा नाव नोंदणीत शोधून तिथला अख्खा नंबर बसवणं त्यांना खात्रीचं वाटे. गॅसवर दूध, ओट्यावर लॅपटॉप. नवरा म्हणे, "लोक सकाळी उठून देवाचं नाव घेतात, आमच्याकडे शून्य लावतात."

"चित्रात नाही हे," बँकवाले म्हणाले.

"चित्र वेळापत्रकावरच्या सिंकचं आहे. मी वेळापत्रकावर नाही."

"तुमच्याइतकं वेळापत्रकावर कुणीच नाही," बँकवाले म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून, "आमच्या बँकेत असं काही निघालं असतं तर चौकशी लागली असती हो. तुम्ही सांगाल तर मी पाहिलंच नाही असं समजतो. पण तुम्ही गेल्यावर सव्वासहाला मी काय करायचं, तेवढं सांगून जा."

घरी वहिनींनी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "आधी बदली पदरात पाड. मग तिकडून फोन करून सांग."

"आणि मधल्या दिवसांत?"

"मधल्या दिवसांत तुझा तो बँकवाला लावेल शून्यं. नाहीतरी बँकेत शून्यांचाच कारभार."

वहिनी हसल्या, पण जेवण अर्धंच झालं. सकाळी ऑफिसात जाऊन त्यांनी लॅब आणि वॉर्ड यांच्यामधला बाण तोडला आणि मधे एक चौकट काढली. आत लिहिलं: 'नंबर दुरुस्ती, हाताने, रोज.' करणाऱ्याच्या जागी स्वतःचं पद लिहिलं.

ऑडिटर बाई हळू बोलणाऱ्या होत्या. सगळे बाण त्यांनी बोट फिरवत वाचले आणि त्या चौकटीवर थांबल्या.

"कोणता नंबर कुणाचा हे कसं ठरवता?"

"नाव बघून. नोंदणीत शोधते."

"एकाच नावाचे दोघं असले तर?"

"वय बघते."

"वयही सारखं असलं तर?"

"तसं अजून झालेलं नाही." वहिनी थांबल्या. "म्हणजे, नसावं."

"बदल केल्याची कुठे नोंद?"

"नाही. कळायला मार्ग नाही."

साहेब छताकडे बघत होते. बाईंनी लिहून घेतलं, आणि मग म्हणाल्या, "असं मला सहसा कुणी दाखवत नाही. पण गंभीर म्हणूनच लिहावं लागेल."

त्या गेल्यावर साहेब भडकले. "चार दिवस गप्प बसला असता तर तुम्हीही सुटला असता आणि मीही!" पाणी प्यायले, मग खाली बसून बोलले. लॅबने फाईल न उघडता थेट मशीनमधून पाठवायची. प्रोग्रॅमने अख्खी फाईल न अडवता न जुळणाऱ्या ओळीच बाजूला काढायच्या आणि त्या लॅबला विचारूनच सोडायच्या. वहिनींनी हात लावायचा नाही. असं तीन महिने चाललं तर बदली. तोवर नाही.

वहिनींनी आईला फोन करून सांगितलं.

"तीन महिने ना?" आई म्हणाली. "मी काय पळून जातेय? पळायची सोय तर न्हाणीघरातच मोडली."

"आई, गंमत नको गं."

"मग रडू? शेजारीण येते दोनदा. तिला माझं बोलणं ऐकवत नाही, पण येते. तू तुझं निस्तरून ये."

नवी पद्धत सुरू झाली त्या सकाळी वहिनी नेहमीच्या वेळी उठल्या. लॅपटॉप नवऱ्याने आदल्या दिवशीच कपाटात टाकून किल्ली खिशात घातली होती. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्यांनी धुतलेले डबे पुन्हा धुतले. लॅबमधल्या कारकुनाची सवय एका दिवसात थोडीच जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. पावणेसातला बँकवाल्यांचा फोन आला.

"बाकी सगळं गेलं. एक ओळ अडलीय."

"शून्य?"

"शून्यच. बाकी थेट मशीनमधून आलं, पण एक उशिराचा रिपोर्ट त्याने एक्सेलमध्येच उघडून पाठवलान. पण वहिनी, गंमत म्हणजे नोंदणीत त्या नावाच्या दोघी आहेत. दोघी बावन्न वर्षांच्या, दोघीही आपल्याकडेच दाखल आहेत. एक दुसऱ्या मजल्यावर, एक चौथ्या."

वहिनींनी डबा खाली ठेवला. "मग?"

"मग काय, लॅबला विचारलं. त्यांनी नमुन्याच्या बाटलीवरची चिठ्ठी बघितली. चौथ्या मजल्यावरची निघाली. साखर फार वाढलेली आहे, सिस्टरना कळवलं. बरं, तुम्ही असतात तर काय केलं असतं?"

वहिनींनी स्टूल ओढलं आणि त्या बसल्या. नोंदणीत शोधलं की नावं मजल्याप्रमाणे लागत. खालचा मजला आधी. गॅसवर दूध असायचं, घाई असायची. पहिलं नाव आणि वय जुळलं की त्या खाली बघतच नसत.

"वहिनी? हॅलो?"

"ऐकतेय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या मजल्यावरची धरली असती."

पलीकडे बँकवाल्यांनी कागद चाळले. मग म्हणाले, "वहीत लिहून ठेवतो, आजची एक ओळ. तीन महिने आजपासून मोजायचे ना?"

"आजपासूनच," वहिनी म्हणाल्या.