वीस वर्षांची वीज

बाबा वीज कंपनीतून निवृत्त झाले, पण त्यांची नजर मीटरचीच राहिली. त्यांना काहीही युनिटमध्ये सांगावं लागायचं. मी इमारतींचे स्ट्रक्चरल आराखडे करते, म्हणजे दिवसभर सळया आणि सिमेंट. एरवी आमचं फारसं पटायचं नाही.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत पुनर्विकासाचे वारे वाहू लागले. बाबांना घर सोडायचं नव्हतं. आई त्याच घरात गेली होती, आणि तिथून निघणं म्हणजे तिला मागे टाकणं, असं ते स्पष्टच म्हणायचे.

"दुरुस्ती बरी की नवीन बरं, ते युनिटमध्ये सांग."

मी हिशेब मांडला. खनिजापासून टनभर पोलाद करायला साधारण सहा हजार युनिटइतकी ऊर्जा लागते. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या आमच्या घराची ती पाच वर्षं. टनभर सिमेंटला हजारेक युनिट, म्हणजे दहा महिने.

"पण ती बहुतेक कोळशाची उष्णता," बाबांनी लगेच पकडलं. "विजेच्या एका युनिटमागे तिप्पट उष्णता जाते. दोन्ही एकाच तागडीत घालू नकोस."

"ढोबळ धरा हो, बाबा."

आमच्या घराच्या वाट्याला दोनेक टन पोलाद आणि दहाएक टन सिमेंट येत होतं. ढोबळमानानेही अठरा-वीस वर्षांची वीज. नव्या टॉवरमध्ये त्याहून जास्त लागणार होती, दुरुस्तीला त्यातली थोडीच. बाबा इतके खूश झाले की सोसायटीच्या सभेत उभं राहून त्यांनी सगळ्यांना हे ऐकवलं.

"काका, ते ठीक आहे," शेजारचा म्हणाला, "पण बिल्डिंग टिकणार का, ते बघा ना."

म्हणून सोसायटीने इमारतीची तपासणी करवून घेतली. अहवाल बाबांनी माझ्या हातात दिला. त्यात एखादी चूक सापडावी म्हणून मी तो पुन्हा पुन्हा वाचला. खांबांतल्या सळया गंजून फुगल्या होत्या, काँक्रीट सुटत होतं. दुरुस्ती फार काळ टिकली नसती. मला खोटं बोलायची फार इच्छा झाली, पण होतं ते सांगितलं.

"नक्की?" बाबांनी विचारलं.

"नक्की."

पुढच्या सभेत त्यांनी पुनर्विकासाच्या बाजूने हात वर केला.

पाडकाम सुरू झालं, तेव्हा आम्ही बघायला गेलो. काँक्रीटमधून सळया ओढून ट्रकवर टाकत होते.

"यांचं पुन्हा पोलाद होणार?"

"हो, आणि तेही खूप कमी ऊर्जेत."

"आणि सिमेंटचं?"

"सिमेंट परत होत नाही, बाबा. चुरा करून भरावात घालतील."

दुसऱ्या मजल्यावर आमच्या स्वयंपाकघराची भिंत अजून उभी होती, फोडणीच्या धुराने काळवंडलेली. बाबा तिच्याकडे बघत राहिले. मला आईची आठवण दाटून आली.

"चल," ते म्हणाले. "ती पडताना मला बघायची नाही."