दुसऱ्या कलमातला पाच

सिद्धोधन आमच्या वीज तक्रार केंद्रात अठरा वर्षं फोनवर आहेत. त्यांना दिसत नाही, पण बोलणाऱ्याच्या आवाजावरून गाव ओळखतात. मी तिथला हेडक्लार्क, निवृत्तीला पाच महिने उरलेले.

मार्चमध्ये वरून नवीन कार्यपद्धती आली, बारा स्लाइड्सवर. चौकटी, हिरवे बाण म्हणजे हो, लाल म्हणजे नाही. सोमवारी परीक्षा. जो चुकेल त्याचा फोन काढून घेणार.

सिद्धोधननी संगणकाला स्लाइड वाचायला लावली.

"साहेब, हे यंत्र काय बोलायलंय? आधी 'फोन ठेवा', मग 'तार तुटली का?' बाणाचं तर नावच घेईना!"

चौकटी ज्या क्रमानं काढल्या, त्याच क्रमानं यंत्र वाचत होतं. बाणाच्या रंगाला शब्द नव्हता. म्हणून मी प्रत्येक बाणाचं वाक्य केलं: अमुक असेल तर अमुक कलमावर जा.

शुक्रवारी माझा कागद संगणकावर ऐकता ऐकता त्यांनी विचारलं, "तार पडली का न्हाई तेच सांगता येईना म्हणला तर?"

स्लाइडवर त्याला बाणच नव्हता. परीक्षा घेणाऱ्या भागवत साहेबांना फोन केला. ते म्हणाले, पडलीच असं धरा. मी तिसरं कलम नवीन घातलं, पुढचे आकडे सरकवले, कागद तीनदा तपासला आणि समाधानानं घरी गेलो.

सोमवारी भागवत साहेब समोर बसले. मी कागद हातात धरून मागं उभा.

साहेब शेतकरी झाले. "झरीहून बोलतोय. तार खाली पडलीय."

माझी नजर दुसऱ्या कलमावर गेली. 'खाली पडली असेल तर ५ वर जा.' जुना पाच होता: त्या भागाची वीजवाहिनी, म्हणजे फीडर, बंद करायला उपकेंद्राला सांगा. तो आता सहा झाला होता. नवा पाच होता: तक्रार नोंदवा, क्रमांक द्या, फोन ठेवा. दुसऱ्या कलमाच्या पोटातला हा आकडा मी बदललाच नव्हता. बोलावं तर परीक्षेत मदत केल्यासारखं होणार. सिद्धोधननी संगणकावर दुसरं कलम ऐकलं, मग पाचवं.

"पुढं?" साहेबांनी विचारलं.

"कागद म्हणायलाय फोन ठेव. मी ठेवणार न्हाई. दादा, लोकांना लांब करा, मी फीडर बंद करायला सांगतो."

"कागद कुणी केला?"

"मी केला, साहेब," मी म्हणालो. "चूक माझी आहे."

"मग असल्या कागदाच्या भरवशावर यांना फोनवर बसवायचं कसं?"

"साहेब," सिद्धोधन म्हणाले, "डोळेवाल्यांनी तीनदा तपासलाय तो."

साहेब हसले नाहीत. स्लाइड उघडून त्यांनी मला समोर बसवलं. पहिल्या कलमापासून प्रत्येक उत्तराची वाट शेवटापर्यंत वाचायला लावली. सिद्धोधन ऐकत होते, साहेब बाणावर बोट ठेवत होते. सात वाटा झाल्या. चूक एकच निघाली.

आकडा दुरुस्त केल्यावर चार वाजता साहेबांनी कागदावर सही केली. फोन सिद्धोधनकडेच राहिला. माझ्या कागदाखाली मात्र साहेबांनी लाल शाईनं लिहिलं: 'नवीन कलम घातल्यावर सर्व वाटा तपासल्याशिवाय वापरू नये.'